ब्रूनोच्या पनीरचा हिशोब

आधीच सांगून ठेवते, मला फेसबुकवरची माणसं आवडत नाहीत. कुत्र्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. गोंदियात डॉक्टर खुमेंद्र पटल्यांच्या जनावरांच्या दवाखान्यात आठ वर्षांपासून मदतनीस आहे. या आठ वर्षांत मला तीनदा कुत्रा चावला, एकदा बकरीनं लाथ घातली आणि एका पोपटानं बोटाचा तुकडा काढला. त्यातल्या एकाचाही मला राग नाही. राग आहे तो त्या हात जोडलेल्या चित्रांचा.

२०१७ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. स्टेशनच्या रस्त्यावर एका ऑटोनं कुत्रा उडवला. पांढरा, काळ्या ठिपक्यांचा, दोनेक वर्षांचा. मी भाजी घेऊन घरी चालले होते. भोवती वीसेक माणसं उभी, त्यातले सहाजण मोबाईलवर शूटिंग करत होते. कोणी म्हणे पाणी पाजा, कोणी म्हणे हात लावू नका, चावते. शेवटी मीच वांगी खाली ओतून थैला त्याच्या तोंडाभोवती गुंडाळला, पोत्यावर घेतला आणि रिक्षानं दवाखान्यात आणला. वांगी मात्र तेवढ्यात कोणीतरी उचलून नेली. त्या वेळी कोणाचा हात थरथरला नाही.

मागच्या डाव्या पायाची नडगी मोडली होती. नशिबानं हाड कातडीबाहेर आलं नव्हतं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, गुंगीचं इंजेक्शन देऊन हाड बसवलं आणि फायबरचं प्लास्टर घातलं. मग हात धुता धुता म्हणाले, "अल्का, पंचेचाळीस दिवस आराम लागेल. धावायचं नाही, उडी मारायची नाही, प्लास्टर ओलं होऊ द्यायचं नाही. आपल्याकडे एकच पिंजरा आहे. शनिवारपर्यंत ठेवू, पुढे नाही. सोमवारी एका कुत्रीचं पोट उघडायचं आहे."

"आणि शनिवारी कोणी नाही नेलं तर?"

"तर जिथून आणला तिथं," डॉक्टर म्हणाले. माणूस वाईट नाही, पण खोटं बोलत नाही.

जिथून आणला तिथं म्हणजे स्टेशनचा रस्ता. प्लास्टर घातलेला कुत्रा रस्त्यावर दोन दिवस टिकत नाही. प्लास्टर भिजतं, आत सडतं, पाय कापायची पाळी येते. किंवा धावता येत नाही म्हणून दुसरा ऑटो उरलेलं काम करतो. माझ्या घरी ठेवला असता, पण माझ्या घरी आधीच एक आंधळी कुत्री आहे आणि ती दुसरा कुत्रा दिसला नाही तरी वासावरून फाडते. म्हणजे शनिवारपर्यंत त्याला घर शोधायचं होतं, नाहीतर पाय गेला.

म्हणून मी पोस्ट लिहिली. गोंदियात श्वानप्रेमींचं एक फेसबुक पान आहे, ते रविता मॅडम चालवतात. ठेकेदाराची बायको, बोलायला गोड, कुत्र्याला मात्र दोन बोटांनी हात लावते. मी पोस्ट अगदी साधी लिहिली. वर माझा नंबर, खाली खर्च. कारण मला ठाऊक आहे, खर्च लिहिला नाही की लोक म्हणतात लुटून राहिले.

"एक्स-रे दोन वेळा ६००. प्लास्टर ९००. इंजेक्शनं-गोळ्या ६५०. रेबीजची लस २५०. जंताचं औषध ५०. चाटू नये म्हणून गळ्यातला कोन २५०. भात-वरण ४५ दिवस ६७५. रोज एक अंडं २२५. फिनेल-रद्दी २००. एकूण ३८००." आणि खाली शेवटची ओळ: "हा सगळा खर्च आम्ही वर्गणीतून करू. ठेवणाऱ्यानं एक रुपया द्यायचा नाही. फक्त जागा आणि माया पाहिजे."

माया हा शब्द मी उगाच टाकला. आता वाटतं त्यापेक्षा जागाच दोनदा लिहायला पाहिजे होती.

संध्याकाळपर्यंत दोनशे बारा लाईक आणि चौसष्ट कमेंटी. घर शून्य.

एकतीस जणांनी हात जोडले. नऊ जण रडले. एकानं 'आत्म्याला शांती मिळो' लिहिलं, आणि इथं कुत्रा माझ्यासमोर बसून चपाती चावत होता. एक महाशय म्हणाले नागपूरला पाठवा, तिथं सोय असते. जणू नागपूर माझ्या मावशीचं घर. दुसऱ्यानं लिहिलं, 'इतने में तो किसी गरीब बच्चे की फीस भर जाती.' त्या माणसाला मी ओळखते. त्याच्या दुकानात पोरगं कामाला आहे, त्याची फी त्यानं कधी भरली ते मला दाखवावं.

मग अंड्यावरून पेटलं. एका बाईनं विचारलं, 'अंडा क्यों?' तिला दुसरीनं दुजोरा दिला, 'हम भी डोनेट करते, पर अंडा है तो नहीं.' तिसऱ्यानं कुत्रा मांसाहारी असतो म्हणून सांगितलं, चौथ्यानं त्याच्या संस्कारांवर बोट ठेवलं. कुत्र्याच्या नाही, तिसऱ्याच्या. चाळीस कमेंटी अंड्यावर! अरे, पाच रुपयाचं अंडं, हाड भरून यायला लागतं, त्यात कोणाचा धर्म बुडाला?

रात्री रविता मॅडमचा फोन आला. "अल्का, मी पोस्ट एडिट केली हं. अंडं काढून पनीर टाकलं. लोक दुखावतात गं."

"मॅडम, पनीर रोज वीस रुपयाचं पडतं."

"हो, म्हणून नऊशे लिहिलं. टोटल चार हजार चारशे पंच्याहत्तर झाली. आणि तुझी पोस्ट लांब होती, तर शेवट जरा छाटला. आणि त्याला नाव दिलं, ब्रूनो. नाव असलं की लोक जुळतात."

लोक जुळले नाहीत. पनीर टाकल्यावर अंड्यावाल्या बाईंनी 'वाह, सुंदर विचार' लिहिलं आणि एक रुपया पाठवला नाही. आठवडाभरात खात्यात सातशे चाळीस रुपये आले, त्यातले पाचशे डॉक्टरांच्या सासऱ्यांचे.

फोन मात्र सुरू झाले. पोस्ट व्हॉट्सअॅपवर फिरत होती. कोणीतरी मोबाईलच्या पडद्याचा फोटो काढून पुढे ढकलला होता आणि तो ग्रुपाग्रुपांतून पुढे पुढे सरकत होता. फोनवर प्रश्न एकच, तऱ्हा वेगळ्या. "ठेवणाऱ्याला महिन्याचे किती देता?" "चार हजारातले आमच्या हातात किती?" "ॲडव्हान्स मिळेल का?" एकानं तर विचारलं, "दोन कुत्रे ठेवले तर डबल का?"

गुरुवारी सिव्हिल लाईन्समधून एक कुटुंब बघायला आलं. बाई, नवरा, गाडीत ड्रायव्हर. बाईंनी रुमाल नाकाला लावला. म्हणाल्या, "ब्रीड कोणती?"

"स्टेशन रोड," मी म्हणाले.

त्यांना ती ब्रीड कळली नाही. मग विचारलं, घाण कोण काढेल, रोज येऊन काढाल का, आणि भुंकतो का. नवऱ्यानं मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं "अच्छा" म्हटलं आणि मोबाईल बघायला लागला. त्या 'अच्छा'चा अर्थ मला लहानपणापासून पाठ आहे. जाताना बाईंनी पिंजऱ्याजवळ बसून फोटो काढला, कुत्र्याला हात न लावता, आणि घरी पोचायच्या आत टाकला: 'ब्रूनोला भेटले, मन भरून आलं.' तीनशे लाईक.

त्यांच्या मन भरण्याचं काय लोणचं घालू?

माझं डोकं त्या दिवशी इतकं तापलं होतं की मी डॉक्टरांवरही खेकसले. आणि त्याच दुपारी, जेवायला बसले तोच, फोन वाजला. बाईचा आवाज, मागे रेल्वेचा भोंगा.

"हॅलो जी, ते कुत्र्याचं तुमच्याकडंच हाये ना? मले त्या पैशाचं इचाराचं होतं जी..."

झालं. पैशाचं. सकाळपासून अकरावा. "हे बघा बाई," मी म्हणाले, आणि मग जे तोंडात आलं ते सोडलं. "कुत्र्याच्या नावावर कमवायचं असेल ना, तर स्टेशनवर वाटी घेऊन बसा. लाज वाटत नाही का? मुक्या जिवाचा पाय मोडला आणि तुम्हाला पैसे दिसतात!"

तिकडून फक्त "बरं जी," आणि फोन बंद.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? तीन दिवसांत पहिल्यांदा जेवण गोड लागलं. बाजूच्या मेडिकलवाल्याला मी तो किस्सा दोनदा सांगितला, आणि दुसऱ्यांदा त्यात दोन शिव्या वाढवल्या.

शुक्रवार कोरडा गेला. शनिवारी सकाळी डॉक्टरांनी पिंजऱ्याकडे बघून माझ्याकडे बघितलं. कुत्रा ज्याला आता सगळे ब्रूनो म्हणत होते, तो त्या नावाला कानही हलवत नव्हता. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं मी रोज तपासत होते, सूज नाही, वास नाही. पाय चांगला जुळत होता. तेच डोळ्यात पाणी आणत होतं. जुळणारा पाय घेऊन याला रस्त्यावर सोडायचं, आणि तिकडे तीनशे लोकांचं मन भरलेलं.

दुपारी चारच्या सुमारास दाराशी एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, नऊवारीचा ओचा खोचलेला, बोटं काळी पडलेली. शिंगाडे उकडून, सोलून विकणाऱ्या बायकांची बोटं तशी होतात. डोक्यावरची टोपली तिनं बाहेर पायरीवर ठेवली, चप्पल काढली. दवाखान्यात चप्पल कोणी काढत नाही.

"या मावशी, काय आहे?"

तिची नजर माझ्या मागे पिंजऱ्यावर गेली होती. आणि आठवडाभर कोणाकडेच न बघणारा पिंजऱ्यातला कुत्रा गळ्यातल्या कोनासकट उठायला लागला, शेपटी लोखंडावर आपटायला लागला.

"कबऱ्या," ती म्हणाली. "लेका, जित्ता हायेस ना तू!"

मी म्हटलं, "अहो, उठवू नका त्याला! पाय!"

"बस. बस, कबऱ्या." आणि तो बसला. आठवडाभर मी ओरडत होते, माझं एकदाही ऐकलं नव्हतं.

तिचं नाव रुख्मा. स्टेशनच्या कोपऱ्यावर शिंगाड्याची टोपली घेऊन बसते, राहते रेलटोलीत एका खोलीत, एकटी. नवरा गेला, पोरगी रायपूरकडे दिलेली. कबऱ्या दोन वर्षांपासून तिच्या टोपलीजवळ बसतो, रात्री खोलीच्या दारात झोपतो. अपघात झाला त्या दिवशी ती गावाकडच्या तळ्यावर शिंगाडे काढायला गेली होती. परत आली तर कुत्रा नाही. पानवाल्यानं सांगितलं, ऑटोखाली आला, मेला असेल.

"तीन दिस हुडकलो जी," ती म्हणाली. "नालीत बी पायलो. मंग शेजारच्या सावित्रीबाईच्या सुनेच्या मोबाईलात याचा फोटू आला. मी म्हनलो, हा त आपला कबऱ्या!"

मग तिनं कमरेची पिशवी काढली. आत रुमाल. रुमालात नोटा. दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या, आणि वर पाचशेच्या चार कोऱ्या. टेबलावर ठेवून तिनं ती गड्डी माझ्याकडे सरकवली.

"मोजून घ्या जी. चार हजार चारशे पंच्याहत्तर हायेत."

मला काही समजेना. "हे कशाचे?"

"कुत्र्याचे." ती माझ्याकडे वेड्यासारखं बघायला लागली. "मोबाईलात लिवलं नवतं का? सूनबाईनं वाचून दाखवलं. एक्स-रेचे इतके, पट्टीचे इतके, अन् खाली टोटल. टोटल भरल्याबिगर कुत्रा कसा देतीन?"

तिनं ब्लाउजमधून सूनबाईनं कागदावर उतरवून दिलेली यादी काढली. मी वाचली. वरती माझा नंबर. मग सगळं, ओळीनं, पनीरसकट. शेवटी 'एकूण ४४७५'. आणि त्याखाली काहीच नाही. 'एक रुपया द्यायचा नाही' ही माझी ओळ रविता मॅडमनं छाटली होती, आणि फिरत फिरत या बाईपर्यंत जे पोचलं ते सरळ बिल होतं. दवाखान्याचं बिल. भरलं नाही तर पेशंट सोडत नाहीत, हे कोणत्या गरिबाला शिकवावं लागतं?

दोनशे बारा शिकल्यासवरल्या लोकांना माहीत होतं की पैसे द्यायचे नाहीत, फक्त जागा द्यायची. त्यांनी हात जोडले. हिला वाटलं पैसे द्यायचे, आणि ही घेऊन आली.

"एवढे कुठून आणले?"

"व्यापाऱ्यापासून उचल घेतलो. चार बोरे भरून शिंगाडे देईन म्हनलो. दोन दिस लागले जी, म्हनून उशीर झाला." मग ती जरा दबकून पुढे झाली. "येक इचारू? यात पनीर लिवलं हाये. नऊशेचं. हा पनीर खात नाई जी. ते कमी नाई होनार का?"

मी खुर्चीवर बसले.

मी तिला समजावून सांगितलं. पैसे द्यायचे नाहीत, खर्च झाला, काही वर्गणी आली, बाकी डॉक्टर बघतील. उचल आजच्या आज परत कर. तिनं ऐकून घेतलं, पण नोटा उचलल्या नाहीत.

"नाई जी. घ्या तुमी. फुकटात नेला त उद्या कोनी बी येईल, म्हनेल आमचा हाये. तुमी बी पंचेचाळीस दिसानं परत मागान. लिवलं हाये ना पंचेचाळीस."

"आम्ही नाही मागणार."

"आता म्हनता नाई मागनार." भाजीवालीशी घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं ती माझ्याकडे बघत होती. "भात मी खाऊ घालीन, त भाताचे काढा. पनीराचे काढा. बाकीचे घ्या अन् पावती द्या."

डॉक्टर आतून ऐकत होते. ते बाहेर आले, तिला विचारलं कुठं ठेवशील, कसं ठेवशील. तिनं सांगितलं, तिनं खाट उलटी केली आहे, पाय वर, आणि चार खुरांभोवती जुनं मासे धरायचं जाळं गुंडाळलं आहे, आत पोतं. बाहेर येणार नाही, उडी मारणार नाही. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "माझ्या पिंजऱ्यापेक्षा बरं आहे." मग त्यांनी त्या गड्डीतून लसीचे अडीचशे तेवढे काढले, बाकी तिच्या हातात कोंबले आणि मला म्हणाले, "हिला कार्ड बनवून दे."

लसीच्या कार्डावर 'मालकाचं नाव' अशी जागा असते. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या कार्डावर आम्ही तिथं 'भटका' लिहितो. मी लिहिलं, रुख्मा. जनावराचं नाव, कबऱ्या. खाली दवाखान्याचा शिक्का मारला. तिनं कार्ड उलटं धरलं, सुलटं केलं, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि रुमालात बांधलं. मी तिला गोळ्या समजावल्या, प्लास्टर ओलं होऊ नये म्हणून मुतायला नेताना पिशवी कशी बांधायची ते दाखवलं, दर सोमवारी दाखवायला आण म्हणून सांगितलं. तिनं एकदाच ऐकलं आणि सगळं परत म्हणून दाखवलं.

रिक्षात कबऱ्याला ठेवल्यावर ती परत पायरीवर आली. टोपलीतले मूठभर शिंगाडे कागदात बांधून माझ्या हातात दिले. आणि म्हणाली, "येक काम करता का जी? त्या दिशी मी इथं फोन लावलो होतो. इचाराचं होतं, सगडे पैसे येकाच टायमाले द्याले लागतीन का. तिथं कोनी म्याडम होत्या. त्या म्हनल्या, स्टेशनवर वाटी घेऊन बस." ती रागावलेली नव्हती, तेच वाईट होतं. "त्याइले सांगा, मी स्टेशनवरच बसतो, पन वाटी घेऊन नाई बसत. टोपलं घेऊन बसतो."

माझ्या हातात तिचे शिंगाडे होते, अजून कोमट.

"सांगते," मी म्हणाले.

बघा, किती सोपं होतं. 'मीच होते ती' एवढंच म्हणायचं होतं. आठवडाभर मी साऱ्या गोंदियाची लाज काढत होते, आणि माझ्याच तोंडाला तीन शब्द जड झाले. सिव्हिल लाईन्सवाला माझं आडनाव ऐकून 'अच्छा' म्हणाला तेव्हा मला किती तिडीक आली होती! त्यानं निदान आडनाव तरी विचारलं होतं. मी तर तेही न विचारता, मागचा रेल्वेचा भोंगा ऐकून हिचं माप काढलं होतं.

रविता मॅडमनं पानावर टाकलं, 'ब्रूनोला घर मिळालं!' चारशे लाईक. पहिलीच कमेंट अंड्यावाल्या बाईंची: 'घर शाकाहारी आहे ना?' मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्याला शिव्या द्यायचा माझा हक्क त्या आठवड्यापुरता संपला होता.

दर सोमवारी रुख्मा यायची. कबऱ्याला कडेवर घेऊन, लेकरासारखं, प्लास्टरवर पिशवी बांधून. सात सोमवार आली. सातव्या सोमवारी दुसरा एक्स-रे काढला, हाड सरळ जुळलं होतं, प्लास्टर कापलं. कबऱ्या दोन पावलं लंगडला, मग नीट चालला. ती हसत होती आणि पदरानं तोंड पुसत होती.

जाता जाता तिनं विचारलंच. "ते म्याडमले सांगितलं का जी?"

"सांगितलं."

"मंग काय म्हनल्या?"

"काहीच नाही म्हणाल्या."

"असू द्या," रुख्मा म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, माझीच समजूत घालत असल्यासारखा. "राहतेत अशे लोक. तुमी मनावर नका घेऊ."